रिंगपासून की सळईपासून?

इंग्रजी-मराठी कोश शेजारी ठेवून आरसीसी कामाच्या अटी शब्दाला शब्द लावत मराठीत आणल्या, तर एक वाक्य हमखास असे तयार होते : ‘तुळईच्या सळयांवर ३० मिमी नाममात्र आच्छादन ठेवावे.’ व्याकरणाने त्यात खोट काढता येणार नाही आणि आकडाही बरोबर आहे. पण हा कागद साइटवर पोचला की वाक्याचा अर्थ पार बदलतो. ‘नाममात्र’ म्हणजे नावापुरते, नाममात्र शुल्कासारखे. म्हणजे थोडे इकडे-तिकडे झाले तर कोण विचारतो? ‘आच्छादन’ म्हणजे वरून पांघरलेले काहीतरी, मग ते गोणपाट असेल नाहीतर गिलावा. ‘सळयांवर’ म्हणजे नेमक्या कोणत्या सळयांवर, ते गुलदस्त्यात. आणि ‘ठेवावे’ हा हुकूम आहे की सल्ला, हे वाचणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवायचे.

आपल्याकडच्या आरसीसी कामाचा मूळ आधार म्हणजे भारतीय मानक ४५६. पहिल्यांदा ते १९५३ साली निघाले. पुढे १९५७, १९६४, १९७८ आणि २००० साली त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. डिझाइन, नकाशे, निविदेतल्या तांत्रिक अटी, सगळे त्या मानकाच्या इंग्रजीवरून उतरते. मात्र गावातल्या शाळाखोलीचे किंवा तालुक्यातल्या बंगल्याचे काम प्रत्यक्ष चालवतात सुपरवायझर, मुकादम आणि सळई बांधणारा फिटर. त्यांच्या हातात मराठी कागद असला तर तो वाचला जातो. इंग्रजी असला तर बहुधा फाइलमध्येच राहतो.

नावांचा प्रश्न तसा फार अवघड नाही. प्रबलित काँक्रीट, सलोह काँक्रीट हे शब्द मराठी तांत्रिक लेखनात रुळलेले आहेत. साइटवर कुणीही ‘आरसीसी’च म्हणतो आणि तिघांचाही अर्थ एकच. बीम, कॉलम, स्लॅब, रिंग, सेंट्रिंग, कव्हर ब्लॉक हे शब्द तर मराठीच झाले आहेत. त्यांच्या जागी तुळई, स्तंभ, कडी आणून कागद शुद्ध दिसेल, पण फिटरला तो परका वाटेल. अवघड भाग पुढे आहे. माप कुठून कुठपर्यंत घ्यायचे, दिवस कधीपासून मोजायचे आणि कोणती गोष्ट टाळता येणार नाही, या तीन गोष्टी भाषांतरात बहुतेक वेळा निसटतात. कव्हर, क्युरिंग आणि स्लम्प या रोजच्या तीन शब्दांत ते नीट दिसते.

आधी कव्हर पाहू. काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून आतल्या लोखंडापर्यंत जे काँक्रीट असते, त्याची जाडी म्हणजे कव्हर. मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत त्याची व्याख्या स्पष्ट आहे. डिझाइनमध्ये धरलेली आणि नकाशात दाखवलेली ही जाडी रिंगांसह सर्व लोखंडाला मिळाली पाहिजे. इंग्रजीत या मापाला ‘नॉमिनल कव्हर’ म्हणतात. तिथल्या ‘नॉमिनल’चा अर्थ ‘ठरवून नाव दिलेले माप’ असा आहे. मराठीतल्या ‘नाममात्र’चा अर्थ जवळजवळ उलटा. ‘नियोजित कव्हर’ किंवा ‘नकाशातले कव्हर’ म्हटले की हा घोळ संपतो. त्याच व्याख्येत रिंगांसाठी ‘लिंक्स’ असा शब्द आहे. साइट न पाहिलेला भाषांतरकार तिथे ‘दुवे’ लिहून मोकळा होतो आणि रिंगांचा उल्लेखच वाक्यातून नाहीसा होतो.

तो नाहीसा झाला तर काय होते, ते एका बीमवर करून पाहता येईल. समजा बीम २३० मिमी रुंद आहे. नियोजित कव्हर ३० मिमी, रिंग ८ मिमी जाडीची. मानकाप्रमाणे ३० मिमी मोजायचे ते रिंगेच्या बाहेरच्या कडेपर्यंत. दोन्ही बाजूंचे मिळून ६० मिमी वजा केले की रिंगेची बाहेरून रुंदी १७० मिमी येते, आणि फिटर त्या मापाने रिंगा वाकवतो. आता कागदावर नुसते ‘मुख्य सळईला ३० मिमी कव्हर’ असे लिहिले असेल, तर ते ३० मिमी लांब सळईपर्यंत मोजले जातात. रिंग सळईच्या बाहेरून जाते, त्यामुळे तिची ८ मिमी जाडी त्या ३० मधूनच खर्च होते. रिंगेबाहेर काँक्रीट उरते २२ मिमी आणि रिंगेची रुंदी होते १८६ मिमी. मुकादमाने कागदाबरहुकूम काम केले, फिटरने माप चुकवले नाही, तरी प्रत्येक रिंग १६ मिमीने मोठी झाली.

आठ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण ताज्या काँक्रीटमधला अल्कधर्मी गुण लोखंडाला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागाकडून हळूहळू आत शिरतो आणि हा गुण मारत जातो. त्याचा आत सरकण्याचा वेग उत्तरोत्तर मंदावतो. ढोबळमानाने दुप्पट खोली गाठायला त्याला चौपट वेळ लागतो. म्हणून लोखंडापर्यंत पोचायला लागणारा वेळ कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात. बावीसचा वर्ग ४८४ आणि तीसचा ९००. काँक्रीट अगदी तेच असले, तरी रिंगेला मिळणारे संरक्षण निम्म्याच्या जरा वर येऊन थांबते. ३० मिमी कव्हरमधून हा थर आत पोचायला पन्नास वर्षे लागणार असतील, तर २२ मिमीमधून सुमारे सत्तावीस वर्षांत पोचेल. त्यानंतर ओल मिळाली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून ढकलत राहतो. बीमच्या खालच्या बाजूला ठरावीक अंतरावर आडव्या तपकिरी रेघा दिसू लागल्या, तर रिंगा गंजायला लागल्या आहेत असे समजावे. पुढची पायरी म्हणजे पापुद्रे सुटून काँक्रीट खाली पडणे.

इथे भाषांतरकाराला सरसकट नियम करून सुटता येत नाही, कारण मानक स्वतः काही ठिकाणी मापाची जागा बदलते. कॉलमच्या उभ्या सळईला किमान ४० मिमी कव्हर हवे, असे कलम सांगते. इथे माप उभ्या सळईपर्यंत आहे. रिंग ८ मिमीची असेल तर तिला ३२ मिमी मिळतात, म्हणजे ३० मिमीची सर्वसाधारण अटही पाळली जाते. १९७८च्या आवृत्तीत तर बीमचे कव्हरही लांब सळईपासून सांगितले होते, किमान २५ मिमी. त्या काळात काम शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ‘मेन बारला कव्हर’ हेच पक्के बसलेले असते. मराठी वाक्यात ‘रिंगेच्या बाहेरच्या कडेपर्यंत’ आणि ‘उभ्या सळईच्या बाहेरच्या कडेपर्यंत’ हे शब्द लिहावेच लागतात. एरवी वाचणारा आपल्या सवयीने जागा भरतो.

‘आच्छादन’ हा शब्द आणखी एका कारणाने अडचणीचा आहे. ‘काँक्रीटवर ३० मिमी आच्छादन’ आणि ‘काँक्रीटचे ३० मिमी आवरण’ यांत फरक फक्त प्रत्ययाचा. पहिल्या वाक्यावरून गिलाव्याची जाडी धरून हिशोब पुरा करणारा मुकादम भेटू शकतो. गिलावा कव्हरमध्ये धरता येत नाही. तो काँक्रीटइतका दाट नसतो आणि काही वर्षांनी सुटतोही. म्हणून ‘कव्हर’ हाच साइटचा शब्द ठेवून ‘गिलावा वगळून’ असे दोन शब्द जोडलेले बरे.

याच कलमात वापरलेले सौम्य, मध्यम, तीव्र हे शब्दही असेच फसवतात. मानकात सौम्य परिस्थितीला २० मिमी, मध्यमला ३०, तीव्रला ४५, अतितीव्रला ५० आणि आत्यंतिक परिस्थितीला ७५ मिमी कव्हर सांगितले आहे. मराठीत कुणी ‘सौम्य हवामान’ असे लिहिले की वाचणारा गावाचा विचार करतो : आमच्याकडे हवा छान आहे, मग २० मिमी पुरे. पण ही वर्गवारी गावाची नसून काँक्रीटच्या त्या पृष्ठभागाची आहे. एकाच इमारतीतला दिवाणखान्याचा स्लॅब आणि पावसात भिजून उन्हात वाळणारी गच्चीची कड वेगवेगळ्या वर्गांत पडतात. समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यात तर आतला, झाकलेला भागही सौम्य धरायचा नाही, असे मानक बजावते. रत्नागिरी किंवा मालवणच्या कामासाठी भाषांतर करताना हा एवढासा अपवाद गाळला, तर बाकीचे सगळे कलम बरोबर उतरूनही उपयोग नाही. ‘हवामान’ऐवजी ‘काँक्रीटच्या पृष्ठभागाला सोसावी लागणारी परिस्थिती’ असे लिहिले की वाक्य लांबते, पण चुकीचा अर्थ काढायला वाव राहत नाही.

कव्हरला मुभाही एकाच बाजूची आहे. वेगळे काही सांगितले नसेल, तर प्रत्यक्ष कव्हर नियोजित मापापेक्षा १० मिमीपर्यंत जास्त चालते, कमी मात्र अजिबात चालत नाही. ३० मिमीचे ४० झाले तर चालेल, २९ चालणार नाही. मराठीत ‘सुमारे ३० मिमी’ लिहिणे म्हणजे ही अट मोडायला परवानगी देणे, आणि ‘१० मिमी कमी-जास्त’ लिहिणे ही तर सरळ चूक. जास्तीच्या बाजूलाही मर्यादा का, हे बाल्कनीत कळते. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. माल ओतताना माणसे तिच्यावरून चालली आणि ती खाली दबली, तर वरचे कव्हर वाढते आणि स्लॅबची ताकद घटते. त्यामुळे बाल्कनीच्या वाक्यात ‘वरून’ हा शब्द हवाच, आणि सळई वर उचलून धरणाऱ्या चेअरचाही उल्लेख हवा.

क्युरिंगची गोष्ट वेगळी आहे. इथे शब्द सापडत नाही असे नाही. साइटवर एक शब्द इतका रुजला आहे की तोच आड येतो. ‘पाणी मारणे.’ हिंदीभाषक कामगारांची टोळी असेल तर ‘तराई’. दोन्ही सगळ्यांना कळतात. पण ‘पाणी मारणे’ ही कृती आहे : सकाळी पाइप घेऊन गेलो, पाणी मारले, संध्याकाळी पुन्हा मारले, झाले. मानक मागते ती कृती नव्हे, स्थिती. उघडा पृष्ठभाग ‘सतत’ ओला किंवा दमट राहिला पाहिजे. मे महिन्यातल्या चंद्रपुरात सकाळी आठला मारलेले पाणी दुपारच्या आत उडून जाते, स्लॅब पांढरा पडतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. मुकादम मात्र खरेच सांगत असतो की दोन वेळा पाणी मारले.

सिमेंट घट्ट होते ते वाळल्यामुळे नव्हे, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. आतले पाणी उडाले की ही क्रिया थंडावते आणि सगळ्यात आधी वरचा थर कच्चा राहतो. नेमका तोच थर म्हणजे कव्हर. म्हणून ‘स्लॅब वाळला’, ‘काँक्रीट सुकू द्यावे’ असे शब्द अटींच्या मराठीत येताच कामा नयेत. तिथे ‘घट्ट झाले’, ‘ताकद धरली’ असे हवे. इंग्रजीतही सेटिंग आणि हार्डनिंग हे दोन टप्पे वेगळे आहेत. पहिल्यात माल आकार धरतो, तो काही तासांचा खेळ. दुसऱ्यात ताकद येत जाते, ती आठवडे चालते. मराठीत दोन्हींना एकच क्रियापद लावले, तर ‘घट्ट झाला की क्युरिंग संपले’ असा गैरसमज सहज होतो.

दिवसांचा आकडा हा भाषांतरातला दुसरा सापळा. ‘सात दिवस पाणी’ हे वाक्य साइटवर तोंडपाठ असते. मूळ कलमात सात दिवस आहेत ते साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी, म्हणजे ज्याच्या पिशवीवर ओपीसी लिहिलेले असते त्यासाठी, आणि तेही ‘कमीत कमी’. राखमिश्रित पीपीसी किंवा स्लॅगमिश्रित पीएससी असेल तर किमान दहा दिवस. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर सिमेंट कोणतेही असो, दहा दिवसांपेक्षा कमी नाही. शिवाय मिश्र सिमेंटसाठी हा काळ चौदा दिवसांपर्यंत वाढवावा, अशी शिफारस आहे. घरबांधणीत पीपीसी सर्रास वापरले जाते. भाषांतरकाराने जागा वाचवण्यासाठी पहिलेच वाक्य ठेवले आणि पुढच्या अटी गाळल्या, तर बहुतेक वाचकांना लागू न पडणारा आकडाच त्यांच्या हाती पडतो.

याच वाक्यात ‘मिनरल अ‍ॅडमिक्स्चर’ असा शब्द येतो. त्याचे नुसते ‘अ‍ॅडमिक्स्चर’ केले, की साइटवर डोळ्यांसमोर येतो प्लॅस्टिसायझरचा कॅन, कारण तिथे त्यालाच अ‍ॅडमिक्स्चर म्हणतात. इथे अभिप्रेत आहे फ्लाय अ‍ॅश, स्लॅग यांसारखी पूड. ‘फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळले असल्यास’ असे नाव घेऊन लिहिणे सोपे आणि बिनचूक.

दिवस कधीपासून मोजायचे, हेही सांगावे लागते. मानकात मोजणी काँक्रीट ओतल्याच्या तारखेपासून आहे. सेंट्रिंग काढल्यापासून नाही आणि पहिले पाणी दिल्यापासूनही नाही. ओतल्याची तारीख बीमवर किंवा कॉलमवर खडूने लिहिण्याची पद्धत बऱ्याच साइटवर आहे. मराठी अटीत तिचा उल्लेख केला तर ‘आजचा कितवा दिवस’ यावर वाद उरत नाही.

पद्धतींची नावे मात्र मराठीत आयती आणि चांगली आहेत. स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून पाणी साठवतात, त्याला ‘आळी करणे’ म्हणतात. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवतात. तरट, बारदान हेही शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. तिसरी पद्धत म्हणजे क्युरिंग कंपाउंड फवारणे. त्याचा पातळ पापुद्रा आतले पाणी उडू देत नाही. ही पद्धत प्रभारी अभियंत्याच्या परवानगीनेच वापरता येते. इथे ‘पाणी मारणे’ हा शब्द पूर्णच निकामी ठरतो, कारण या पद्धतीत बाहेरून पाणी द्यायचेच नसते. म्हणून शीर्षकाला ‘क्युरिंग’ ठेवावे, पहिल्याच वाक्यात ‘म्हणजे काँक्रीटमधली ओल टिकवणे’ असे सांगावे आणि मग पद्धतींची मराठी नावे द्यावीत.

स्लम्पला सामान्य कोशात ‘मंदी’ किंवा ‘घसरण’ असे अर्थ मिळतात. ते इथे लावण्याची चूक बहुधा कुणी करणार नाही. खरी चूक मापात होते.

स्लम्पची चाचणी साधी आहे. तळाशी २०० मिमी आणि वर १०० मिमी व्यासाचा, ३०० मिमी उंच, दोन्हीकडून उघडा पत्र्याचा साचा सपाट प्लेटवर ठेवतात. थराथराने माल भरतात, प्रत्येक थराला गोल टोकाच्या सळईने २५ ठोसे देतात, वरचा माल सपाट करतात आणि साचा सरळ वर उचलतात. आधार गेला की माल खाली बसतो. साचा शेजारी ठेवून, साच्याच्या उंचीपासून ढिगाच्या सर्वांत उंच टोकापर्यंतचे अंतर मोजतात. ते अंतर म्हणजे स्लम्प. ढीग २०० मिमी उंच उरला तर स्लम्प १०० मिमी.

आता ‘स्लम्पची उंची ७५ ते १०० मिमी असावी’ हे मराठी वाक्य वाचून पाहावे. पंपाने चढवायच्या मालासाठी मानकात हाच आकडा आहे. पण ‘उंची’ म्हटल्यावर नवखा सुपरवायझर उरलेला ढीग मोजणार. ७५ ते १०० मिमी उंचीचा ढीग म्हणजे २०० ते २२५ मिमी स्लम्प. त्या मापाला माल आणायचा तर एकच सोपा उपाय त्याला माहीत असतो : पाणी वाढवणे. एका ५० किलोच्या पिशवीला पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० ठरले असेल, तर पाणी २५ लिटर लागते. त्यात पाच लिटर जास्त गेले की गुणोत्तर ०.६० होते. मध्यम परिस्थितीतल्या आरसीसीला मानक ०.५०च्या पुढे जाऊ देत नाही. इतका पातळ माल ओतताना खडी खाली बसते, वर पाणी तरंगते आणि घट्ट झाल्यावर काँक्रीट सच्छिद्र राहते. ‘उंची’ऐवजी ‘साच्याच्या उंचीतून माल किती खाली बसला’ असे लिहिले, की मोजणारा पट्टी बरोबर जागी धरतो.

याच कलमात येणारे ‘पाणी’ही नुसते मिक्सरमध्ये ओतलेले नसते. वाळूच्या अंगावरचे पाणीही गुणोत्तरात धरायचे असते. पावसाळ्यात ओली वाळू आली आणि तिच्या पृष्ठभागावर चार टक्के पाणी असले, तर ७५ किलो वाळूबरोबर तीन लिटर पाणी न मोजता आत जाते. ‘एका पिशवीला २५ लिटर पाणी’ असे उतरवण्यापेक्षा ‘वाळू-खडीच्या अंगावरचे पाणी धरून एकूण २५ लिटर’ असे उतरवणे मूळ अर्थाला धरून आहे.

‘कमी स्लम्प’ आणि ‘कमी दर्जा’ यांचीही गल्लत होते. कमी स्लम्प म्हणजे घट्ट माल. तो दाबून बसवायला व्हायब्रेटर आणि मेहनत जास्त लागते, पण काँक्रीट वाईट ठरत नाही. स्लम्प हे ताकदीचे माप नाही. माल कितपत सहज ओतता आणि बसवता येतो, एवढेच ते सांगते. ढीग सरळ खाली न बसता एका बाजूने तिरका घसरला, तर चाचणी पुन्हा करायची असते. हे वाक्य भाषांतरात आवर्जून हवे, कारण तसा घसरलेला ढीग मोजून लिहिलेला आकडा वहीत अगदी खरा दिसतो.

शब्द आणि मापे जागच्या जागी आली तरी क्रियापद उरते. मानकातल्या इंग्रजीत तीन पायऱ्या काटेकोर पाळल्या जातात. एक सक्तीची, दुसरी शिफारशीची, तिसरी मुभेची. क्युरिंगच्या एकाच कलमात तिन्ही आहेत. पृष्ठभाग ओला ठेवणे ही सक्ती, चौदा दिवसांपर्यंत वाढवणे ही शिफारस, कंपाउंड वापरणे ही परवानगीने मिळणारी मुभा. सरकारी मराठीला ‘-वे’ लावून सगळे सांगायची सवय आहे : ओला ठेवावा, वाढवावे, वापरावे. कार्यालयीन पत्रात ते चालून जाते, कारण तिथे वरचा अधिकारी ‘करावे’ म्हणाला की तो हुकूमच असतो. कंत्राटात मात्र बिल अडले की ठेकेदार विचारू शकतो, ‘ठेवावा असे लिहिले होते, ठेवलाच पाहिजे असे कुठे आहे?’ सक्तीला ‘बंधनकारक आहे’, शिफारशीला ‘अशी शिफारस आहे’, मुभेला ‘वापरता येईल’ हे तीन साचे ठरवून सुरुवातीलाच त्यांचा अर्थ लिहिला, तर पुढची सगळी कलमे त्यांवर निभावतात. त्याच जागी आणखी एक ओळ हवी : इंग्रजी आणि मराठी मजकुरात फरक आढळल्यास कोणता मजकूर ग्राह्य धरायचा.

हे सगळे सांभाळून तीन कलमे अशी उतरतात :

‘बीमचे नियोजित कव्हर ३० मिमी. ते काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून रिंगेच्या बाहेरच्या कडेपर्यंत, गिलावा वगळून मोजणे बंधनकारक आहे. प्रत्यक्ष कव्हर ३० मिमीपेक्षा कमी चालणार नाही. ४० मिमीपर्यंत जास्त चालेल.’

‘क्युरिंग म्हणजे काँक्रीटमधली ओल टिकवणे. पीपीसी सिमेंटचे काँक्रीट ओतल्याच्या तारखेपासून किमान १० दिवस, आळी करून किंवा ओले गोणपाट घालून, दिवसरात्र सतत ओले ठेवणे बंधनकारक आहे. हा काळ १४ दिवसांपर्यंत वाढवावा अशी शिफारस आहे. प्रभारी अभियंत्याच्या परवानगीने क्युरिंग कंपाउंड वापरता येईल.’

‘पंपाने चढवायच्या काँक्रीटचा स्लम्प ७५ ते १०० मिमी. म्हणजे साचा उचलल्यावर माल साच्याच्या उंचीपेक्षा ७५ ते १०० मिमी खाली बसला पाहिजे. ढीग तिरका घसरल्यास चाचणी पुन्हा घेणे बंधनकारक आहे.’

मराठी मूळ इंग्रजीपेक्षा लांबली आहे, आणि तिला तेवढी जागा द्यावी लागते. प्रत्येक कलमाशेजारी मानकाचे वर्ष आणि कलम क्रमांक लिहिला तर नवी आवृत्ती आल्यावर कुठे हात लावायचा ते कळते. कव्हरची व्याख्या कलम २६.४.१ मध्ये आहे, क्युरिंग १३.५ मध्ये.

भाषांतर बरोबर उतरले का, हे भाषापंडिताला विचारून पुरते कळत नाही. त्यासाठी कागद सुपरवायझर आणि फिटरच्या हातात द्यावा आणि त्यांना मजकुराचा अर्थ न विचारता मापे विचारावीत. २३० मिमी बीमला रिंग बाहेरून किती रुंद वाकवणार? सोमवारी ५ तारखेला पीपीसीचा स्लॅब ओतला, तर आळ्यांतले पाणी कोणत्या तारखेआधी काढायचे नाही? साचा उचलल्यावर ढीग किती उंच राहिला तर माल पंपाला चालेल? उत्तरे १७० मिमी, १५ तारीख आणि २०० ते २२५ मिमी अशी आली, तर मराठी मजकूर कामाला लावायला हरकत नाही. फिटर १८६ म्हणाला, तर चूक त्याच्याकडे शोधण्याआधी कव्हरचे वाक्य पुन्हा वाचायचे. हे विचारायची वेळ रिंगांची सळई कापायला घेण्याच्या आदली; कारण एकदा दोनशे रिंगा मोठ्या वाकवून झाल्या की त्या बदलण्याचा खर्च कुणी सोसायचा, यावर पुढचा आठवडा जातो आणि बहुतेक वेळा त्याच रिंगा बीममध्ये बसतात.